३१ मार्चला हप्ता भरूनही दंडव्याज का लागतं?

प्रश्न: नाशिकमधल्या आमच्या पतसंस्थेत हप्त्याची शेवटची तारीख ३१ मार्च होती. त्या दिवशी यूपीआयने भरणाऱ्या जवळपास सगळ्यांना दंडव्याज लागलं. काउंटरवर रोख भरणाऱ्यांना नाही लागलं. पहाटे ५:१० ला यूपीआय केलेला एक सभासदही सुटला. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, शेवटच्या तारखेपुढे 23:59:59 लावतो, मग चालेल. खरंच चालेल का?

उत्तर:

नाही. दुपारी भरणाऱ्यांची तक्रार थांबेल, पण चूक तिथून उठून १ एप्रिलच्या पहाटेवर जाऊन बसेल आणि तिथे ती कोणी सांगायलाही येणार नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या पतसंस्थांची वसुलीची सॉफ्टवेअरं सांभाळणं हेच माझं काम आहे. तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की कोड न बघताही कारण बरंचसं कळतं. दंड कोणाला लावायचा हे ठरवणाऱ्या रात्रीच्या तपासणीत बहुधा अशी ओळ असेल:

```sql
WHERE paid_at <= due_date
```

वाचताना ती बरोबर वाटते, कारण आपण ‘३१ मार्चला किंवा त्याआधी’ असं वाचतो. पण `due_date` मध्ये नुसती तारीख आहे आणि `paid_at` मध्ये तारखेसोबत वेळही आहे. दोन्हींची तुलना करायची म्हणून डेटाबेस तारखेला स्वतःहून वेळ चिकटवतो, आणि ती वेळ असते दिवसाच्या सुरुवातीची, 00:00. म्हणजे मुदत ३१ तारीख संपताना नाही, सुरू होतानाच संपली.

एवढंच असतं तर ३१ तारखेला मध्यरात्रीनंतर यूपीआय केलेल्या प्रत्येकाला दंड लागला असता, ५:१० वाल्यालाही. तो सुटला, कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर आहे. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते. त्यामुळे सर्व्हरचे ३१ मार्चचे 00:00 वाजतात तेव्हा पंचवटीत पहाटेचे ५:३० झालेले असतात. तुमच्याकडची खरी मुदत ३१ मार्चला पहाटे साडेपाचला संपली. भाजीची गाडी काढण्याआधी ५:१० ला मोबाईलवर हप्ता भरणारा तिच्या आत बसला, आणि दुकान उघडल्यावर ११ ला भरणारा बाहेर राहिला.

काउंटरवाल्यांचं कोडंही इथेच सुटतं. रोखपाल रोख भरण्याची नोंद करताना फक्त तारीख टाकतो, वेळ टाकत नाही. ती नोंदही 00:00 अशीच साठवली जाते आणि `<=` मधल्या बरोबरीच्या चिन्हामुळे पास होते. एकाच दिवशी रोखवाले सुटले आणि यूपीआयवाले अडकले, असं दिसलं की मी आधी हीच ओळ शोधतो. खात्री करायची असेल तर दंड लागलेल्यांची भरण्याची वेळ लावून बघा. सगळ्यात आधीची वेळ ५:३० नंतरची निघाली, तर शंका उरत नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर `SHOW timezone;` विचारलं की उत्तर `UTC` किंवा `Etc/UTC` येईल.

आता तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याचा उपाय बघू. त्याने 23:59:59 लावले तरी ते सर्व्हरचेच 23:59:59 असतील, म्हणजे आपल्याकडे १ एप्रिलची पहाट, ५:२९:५९. मुदत उलटल्यावर रात्री एक वाजता भरणाराही वेळेत धरला जाईल. दंड वाचलेला माणूस तक्रार घेऊन येत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं तशीच राहते आणि एखाद्या लेखापरीक्षणात सापडते. शिवाय वेळ सेकंदाच्या भागांसह साठवत असाल, तर 23:59:59 आणि पुढच्या दिवसाच्या 00:00:00 यांच्यामध्ये जवळजवळ एका सेकंदाची फट राहते. 23:59:59.6 ला आलेला भरणा त्या फटीत पडतो.

दिवसाचा शेवटचा क्षण शोधायच्या भरीस पडूच नका. दुसऱ्या दिवसाचा पहिला क्षण घ्या आणि त्याच्या ‘आधी’ असं विचारा. `<=` नको, `<` हवं:

```sql
WHERE paid_at <
  (due_date + 1)::timestamp
  AT TIME ZONE 'Asia/Kolkata'
```

यात ३१ मार्चमध्ये एक दिवस मिळवून १ एप्रिल 00:00 घेतले आणि ती वेळ भारतातली आहे हे डेटाबेसला स्पष्ट सांगितलं. यूटीसीत तो क्षण ३१ मार्च 18:30 होतो. `::timestamp` विसरू नका. नुसत्या तारखेपुढे `AT TIME ZONE` लावलं तर पोस्टग्रेस आधी त्या तारखेला सर्व्हरच्या वेळेनुसार धरतो आणि उत्तर भलतंच येतं. `paid_at` चा प्रकार `timestamptz`, म्हणजे वेळक्षेत्राचं भान असलेली वेळ आहे, असं मी इथे धरलंय. भरणा आणि मुदतीची तारीख दोन्ही आहे तशाच ठेवा, फक्त तुलना बदला. सूचना फलकावर सभासदाला ‘३१ मार्च’च दिसलं पाहिजे.

तपासणी कधी चालते, हेही बघावं लागेल. ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये `0 0 * * *`, म्हणजे रोज 00:00 ला, असं असेल, तर यूटीसीवरच्या सर्व्हरवर ती आपल्या पहाटे साडेपाचला चालते. ‘इतक्या उशिरा का?’ म्हणून कोणी ती मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासावर आणली, तर सर्व्हरवर तेव्हा ३१ मार्चचे 19:00 वाजलेले असतील. `CURRENT_DATE > due_date` ही अट त्या रात्री खोटी ठरेल आणि थकबाकी एक दिवस उशिरा दिसेल. म्हणून तपासणीला ‘आज कोणती तारीख’ हे घड्याळाला विचारू देऊ नका. ‘३१ मार्चची मुदत तपास’ अशी तारीख बाहेरून द्या.

याचा फायदा वीज गेल्यावर किंवा सर्व्हर बंद पडल्यावर कळतो. समजा, त्या रात्री तपासणी चाललीच नाही आणि १ तारखेला दुपारी पुन्हा चालवली. ‘हप्ता बाकी आहे का?’ असं विचारलं, तर सकाळी दहाला भरलेला माणूस दंडातून सुटतो. ‘मुदतीच्या क्षणाआधी भरला होता का?’ असं विचारलं, तर तपासणी कधीही चालवा, उत्तर तेच येतं.

एक निर्णय मात्र सॉफ्टवेअरवाल्याने परस्पर घेऊ नये. सभासदाने ११:५८ ला पैसे पाठवले आणि तुमच्याकडे नोंद १२:०४ ला झाली, तर कोणती वेळ धरायची? माझ्या मते पैसे पाठवल्याची वेळ, कारण मधली सहा मिनिटं सभासदाच्या हातात नव्हती. पण तसा ठराव संचालक मंडळाने करावा, आणि `paid_at` मध्ये तीच वेळ येते की नोंद झाल्याची, हे तपासून घ्यावं. तपासणी रात्री दोनच्या पुढे ठेवली तर अडकलेले बरेचसे व्यवहार तोवर मिटलेले असतात.

बदल केल्यावर चार खोट्या नोंदी टाकून बघा, सगळ्या भारतीय वेळेत: ३१ मार्च पहाटे ५:३१, ३१ मार्च रात्री ११:५९:५९.९, १ एप्रिल बरोबर ००:००:०० आणि १ एप्रिल पहाटे ५:२९. पहिल्या दोघींना दंड नको, पुढच्या दोघींना हवा. काउंटरची नुसत्या तारखेची एक नोंदही दोन्ही तारखांना टाका.

ज्यांना चुकून दंडव्याज लागलं, त्यांच्या खात्यातली ती नोंद पुसू नका. तेवढ्याच रकमेची उलट नोंद करा आणि तपशिलात कारण लिहा. दंडावर पुढे व्याज चढलं असेल, तर तेही त्याच दिवशी उलटवा, नाहीतर पुढच्या महिन्याच्या उताऱ्यावर काही पैशांची बाकी दिसत राहील आणि सभासद पुन्हा काउंटरवर येईल.