पप्पा कडक आहेत, फादर्स डेला त्यांना काय लिहू?

"मॅडम, माझे पप्पा खूप कडक आहेत. पाठीवर हात ठेवून चांगलं केलंस असं आजवर एकदाही म्हणाले नाहीत. यंदा फादर्स डेला मनातलं काहीतरी लिहून पाठवावं असं खूप वाटतंय, पण टाईप करते आणि डिलीट करते. त्यांना नाटकी वाटलं तर? किंवा वाचून काहीच बोलले नाहीत तर? मलाच वाईट वाटत बसेल. पाठवू का नको?"

तुला एका मुलीची केस सांगते. तिची परवानगी घेतलीये आणि ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. मुलगी कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली, नोकरीला पुण्यात. वडील उद्यमनगरात लेथवर काम करणारे, पुढं स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. घरात बोलणं म्हणजे जेवलीस का, फी भरली का, एवढंच. बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा मार्कशीट बघून "बरं" म्हणाले आणि आंघोळीला गेले, हे तिच्या मनात इतकी वर्षं रुतून बसलेलं. ती माझ्याकडे खरं तर झोप लागत नाही म्हणून आली होती. वडिलांचा विषय मागून निघाला, आणि जून जवळ आला तसं तिनं मोबाईलमध्ये लिहून ठेवलेला मेसेज मला दाखवला.

मेसेज चांगलाच लांब होता. सुरुवातीला बाबा म्हणजे आभाळ, बाबा म्हणजे वटवृक्ष असल्या फॉरवर्डमधल्या ओळी, आणि मधे मधे तिच्या स्वतःच्या. तिच्या ओळी बघ कशा होत्या. "तुम्ही कधी कौतुक केलं नाही तरी मला माहितीये तुमचं प्रेम आहे." "तुम्ही कधी जवळ घेतलं नाही पण माझी तक्रार नाही." लिहिताना तिला वाटत होतं आपण मोठ्या मनानं सगळं माफ करतोय.

मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. आमच्या समुपदेशनाच्या कामात ही पद्धत वापरतात, समोरचा माणूस त्या खुर्चीत बसलाय असं धरून त्याच्याशी बोलायचं, मग स्वतः त्याच्या खुर्चीत जाऊन बसायचं आणि त्याच्या जागेवरून उत्तर द्यायचं. तिनं मेसेज मोठ्यानं वाचला. मग वडिलांच्या खुर्चीत बसली, बसताच दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मान थोडी खाली घातली, वडील असेच बसतात म्हणे. बराच वेळ गप्प होती. मग त्यांच्या आवाजात म्हणाली, "म्हंजे मी कमी पडलो म्हणतीस."

त्या एका वाक्यानं तिला तिचा मेसेज कळला, मला काही सांगावं लागलं नाही. कौतुकाच्या कागदात गुंडाळलेली तक्रार होती ती. कडक माणसाला कौतुक ऐकायची सवय नसते पण तक्रार तो लांबून ओळखतो, आणि मग बाकीच्या सगळ्या ओळी त्याच्यासाठी पुसल्याच जातात.

आता तक्रार खोटी होती का? अजिबात नाही. ती खरी होती आणि तिला जागा मिळायलाच हवी होती, फक्त फादर्स डेच्या मेसेजमध्ये नको. म्हणून आम्ही दोन कागद केले. एकावर न पाठवायचं पत्र, त्यात मार्कशीटचा प्रसंग, गॅदरिंगला आले नाहीत ते, सगळं मनसोक्त, रागानं, रडत, जसं येईल तसं. तो कागद माझ्याकडच्या फाईलमध्ये राहिला आणि त्यावर पुढं आम्ही बरेच दिवस काम केलं. दुसरा कागद पप्पांना पाठवायचा, आणि त्यासाठी मी तिला एवढंच विचारलं की त्यांनी हातानं केलेली एखादी गोष्ट सांग. स्वभाव सांगू नकोस, त्याग बिग नको, एक केलेली गोष्ट.

आधी म्हणाली काही नाही आठवत. मग आठवलं. तिच्या बारावीच्या वेळी लोडशेडिंग जोरात होतं, ती चार्जिंगच्या दिव्यावर अभ्यास करायची आणि दिवा टेबलावर ठेवला की उजेड थेट डोळ्यात. तिनं हे आईला सांगितलेलं, त्यांना नाही. चार दिवसांनी रात्री उशिरा पप्पा वर्कशॉपमधून आले ते एक स्टँड घेऊन. खाली जड लोखंडी बूड, लेथवर व्यवस्थित फिरवून घेतलेलं, वर पाईप, आणि दिवा वरखाली करायला हातानं पिळायचा पितळी स्क्रू, त्याच्या डोक्याला बोटं घसरू नयेत म्हणून दाते पाडलेले. टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उंची बघून घे." बास. तो स्टँड आजही पुण्यात तिच्या खोलीत आहे.

मला विचारशील तर त्या घरात जे काही बोलायचं होतं ते तिथं बोलून झालेलं होतं. रोनाल्ड लेव्हंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हेच मांडलंय की पुरुषानं कसं असावं याच्या जुन्या चौकटीत वाढलेल्या कित्येक पुरुषांना भावना असतात पण त्या ओळखून शब्दात सांगायची सवयच लागलेली नसते. आपल्याकडं तर लहानपणापासून "पोरीसारखा रडतोस काय" ऐकत वाढलेली पिढी आहे ही. दात्यांचे ते स्क्रू मापात करणाऱ्या माणसाला मुलीच्या डोळ्यांची काळजी नव्हती असं कोण म्हणेल.

मग मेसेज नव्यानं लिहिला. मी तिला सांगितलं घरात बोलतेस तसंच, कोल्हापुरी पोरींच्या "येतो, जातो"मध्येच टाईप कर, कारण पहिल्या मेसेजमधली ती पुस्तकी भाषा तिची नव्हतीच आणि वडिलांना ते पहिल्या ओळीत कळलं असतं. ज्या घरात आय लव्ह यू कधी म्हटलं गेलं नाही तिथं ते एकदम लिहू नये, समोरचा बावरतो. हॅपी फादर्स डे लिहायचीही गरज नाही. आणि शेवटी त्यांना उत्तर देता येईल असं काहीतरी साधं कामाचं ठेवायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण "तुम्ही माझ्यासाठी सगळं आहात" याला असा माणूस काय उत्तर देणार? इच्छा असूनही त्याला दार सापडत नाही. शेवटी झालेला मेसेज हा असा:

"पप्पा, बारावीला तुम्ही दिव्याचा स्टँड करून दिलेला, तो अजून वापरतो मी. रात्री कामाला बसलो की रोज लावतो. तेव्हा बोललो नाही पण त्या स्टँडमुळं अभ्यास झाला माझा. त्याचा वरचा स्क्रू आता सैल झालाय, पुढच्या शनिवारी घेऊन येतो, बघून द्या."

यात कुठंही "पण" लावून मागचा हिशेब काढलेला नाही बघ, एक "पण" आहे तो तिनं स्वतःच्या न बोलण्यावर घेतलाय.

कुठं आणि कधी पाठवायचा यावरही आम्ही बोललो. फॅमिली ग्रुपवर नाही आणि स्टेटसला तर नाहीच. तिथं काका मावश्या हार्ट टाकतात, कोणीतरी "आता पार्टी द्या" म्हणतं, आणि कडक माणूस चारचौघात अवघडून गप्प बसतो. थेट त्यांच्या नंबरवर. फादर्स डे जूनच्या तिसऱ्या रविवारी असतो आणि त्यांच्या वर्कशॉपला सुट्टी सोमवारची, म्हणजे रविवारी दिवसभर हात ऑईलमध्ये आणि शेजारी कामगार. म्हणून जेवण झाल्यावर रात्री नऊनंतर पाठवायचा, म्हणजे एकट्यानं निवांत वाचता येईल आणि दुसऱ्या दिवशी गडबड नाही.

पाठवायच्या आधी मी तिला एक प्रश्न विचारला, तोच तुलाही विचारते. उत्तर अजिबात आलं नाही तरी हा मेसेज पाठवावासा वाटतो का? तिनं खूप विचार करून हो म्हटलं. नाही म्हणाली असती तर मी तिला यंदा थांब म्हटलं असतं, कारण मग तो मेसेज देण्यासाठी नसतो, काहीतरी मिळवण्यासाठी असतो, आणि न मिळाल्यावर आधीच्यापेक्षा जास्त लागतं.

नाटकी वाटेल या भीतीबद्दल एक माहिती देते. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोघांनी 2018 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं, त्यात लोकांना आपल्यावर उपकार असलेल्या माणसाला मनापासून आभाराचं पत्र लिहायला सांगितलं आणि नंतर दोन्हीकडच्यांना विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं समोरचा खूप अवघडेल, प्रत्यक्षात वाचणारे तेवढे अवघडले नव्हते, आणि त्यांना झालेला आनंद लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त होता. शब्द बरोबर जमले का ही काळजी लिहिणाऱ्याला असते, वाचणारा मात्र त्यातला जिव्हाळा बघतो. हे संशोधन कोल्हापुरातल्या बापांवर झालेलं नाही, तरी माझ्याकडच्या केसेसमध्ये मला हे वारंवार दिसलंय.

तर तिनं रविवारी रात्री पाठवला. निळ्या टिक आल्या. उत्तर नाही. सोमवार तसाच गेला आणि तिचा मला मेसेज आला की मॅडम विचारू का वाचला काय म्हणून. मी म्हटलं अजिबात नको. सोमवारी रात्री आईचा फोन आला, "काय पाठवलंस गं पप्पांना? दोनदा चष्मा लावून मोबाईल बघत बसलेत." आणि मंगळवारी दुपारी वडिलांचा मेसेज आला: "स्क्रू सहाचा हाय का आठचा."

ती पुढच्या सेशनला थोडी नाराजच होती, एवढंच लिहिलं म्हणून. मी तिला म्हटलं, त्यांनी तुझा मेसेज वाचला, शेवटपर्यंत वाचला, दोन दिवस डोक्यात ठेवला आणि माप विचारलं म्हणजे करायला घेतलंय. शनिवारी ती गेली तेव्हा दोन नवे पितळी स्क्रू तयार होते, एक बसवायला आणि एक जास्तीचा पुण्याला ठेवायला. बसवताना बोलले फार नाहीत, "डोळं तपासून घेतलंस काय" एवढं विचारलं. माणूस बदलला वगैरे काही नाही, आजही ते तेवढेच कमी बोलतात. फरक एवढा पडला की आधी तिची चौकशी आईकडून व्हायची, आता अधूनमधून थेट तिला फोन येतो.

आता तुझ्याबद्दल एक गोष्ट मला तुझ्या प्रश्नावरून कळत नाही, ती तूच बघ. पप्पांच्या गाडीचा आवाज आला की घरात टीव्ही बारीक होतो, सगळे सावरून बसतात, हा झाला कडकपणा. पण तो आवाज आला की तुझ्या पोटात गोळा येत असेल, मार खाल्लेला असेल, आईवर हात उचललेला बघितला असशील, तर ते वेगळं. तिथं प्रेम दाखवता येत नाही एवढाच प्रश्न नसतो, आणि तिथं फादर्स डेला काही लिहायची कुठलीच सक्ती तुझ्यावर नाही, मैत्रिणींचे स्टेटस बघून तर नाहीच नाही. तसं असेल तर मेसेज बाजूला ठेव आणि आधी एखाद्या समुपदेशकाशी बोल.

नुसताच कडकपणा असेल तर आज रात्री कागदावर पप्पांनी हातानं केलेली एक गोष्ट लिही. परीक्षेला सोडायला आले आणि गेटबाहेर उभे राहिले, सायकलची हवा भरून ठेवली, पावसात गंगावेशीतून दूध आणलं, काहीही चालेल. चार पाच ओळी पुरतात. लिहून झालं की त्यातले "कधी नाही" आणि "तरीपण" शोध आणि ते वाक्यच काढ, नुसता शब्द काढून भागत नाही. ते वाक्य फेकू नकोस, वेगळ्या वहीत ठेव. शेवटी त्यांना सहज उत्तर देता येईल असं एक काम टाक. पाठवल्यावर निदान आठवडाभर त्या मेसेजचा विषय आपणहून काढू नकोस, आईलाही काढायला लावू नकोस, आणि त्या आठवड्यात पप्पा एरवी करत नाहीत असं काही करतात का तेवढं बघत राहा.