परिपाठातल्या भाषणासाठी गळका नळ पुरे

परिपाठात तुला दोनच मिनिटं मिळतील, म्हणून पाणी वाचवण्याच्या दहा सवयी सांगत बसू नको. 'जल हेच जीवन' तर मागच्या रांगेलाही पाठ आहे. एकच सवय घे आणि ती आधी घरी मोजून बघ.

माझं मत विचारशील तर गळका नळ घे. थेंब पडतो त्याखाली दोनशे मिलिलिटरचा पेला ठेव आणि घड्याळ बघ. समज, तो पंधरा मिनिटांत भरला. म्हणजे तासाला आठशे मिलिलिटर, दिवसाला एकोणीस लिटरच्या वर. भाषणात हा हिशोब घाईने म्हणू नको. तोच पेला हातात धर, "पंधरा मिनिटं" म्हणून थांब, मग "दिवसाला एक मोठी बादली" म्हण. आकडा मात्र तुझ्याच नळाचा हवा, इंटरनेटवरचा उचललास तर कुणीतरी विचारेलच, "कसा मोजला रे?"

पुढे उपाय सांग. नळ घट्ट पिळूनही गळत असेल तर बहुतेक वेळा आतला वायसर झिजलेला असतो. जास्त जोराने पिळलं तर तो आणखी लवकर जातो. मोठ्यांना सांगून आधी मेन कॉक बंद करायचा, मगच वायसर बदलायचा.

वेळ उरला तर कूलरवर बोल. नागपुरात उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाईप सोडून माणसं आत जातात आणि अंगणात पाट वाहतो. तिथे सारी पोरं हसतील, कारण प्रत्येकाच्या घरी हे झालेलं असतं. हसू ओसरू दे, मग पुढचं वाक्य घे.