शॉर्ट लिंकवरचे क्लिक माणसांचे किती आणि बॉटचे किती?

प्रश्न: आमच्या संस्थेच्या कार्यक्रमाची शॉर्ट लिंक २१० जणांना ईमेलने पाठवली. दहा मिनिटांत ३४६ क्लिक दिसले, नोंदणी मात्र १९ जणांचीच. हा आकडा खरा धरावा का?

उत्तर: खरा आहे, पण तो माणसांचा नाही. शॉर्ट लिंकचा सर्व्हर फक्त त्याच्याकडे आलेली विनंती मोजतो आणि विनंती करणाऱ्याला मूळ पत्त्याकडे पाठवून देतो. पान कोणी पाहिले का, हे त्याला कळत नाही.

ईमेलच्या बाबतीत सर्वांत मोठी भर सुरक्षा तपासणीची असते. अनेक कार्यालयांच्या मेल यंत्रणा पत्रातली प्रत्येक लिंक, पत्र पोहोचण्यापूर्वी किंवा पोहोचताच, स्वतः उघडून ती घातक नाही ना हे पाहतात, आणि कधी कधी एकाच पत्रासाठी दोनतीनदा उघडतात. पुढे कोणी ती लिंक टेलिग्राम किंवा फेसबुकवर टाकली, की चित्र व शीर्षकाची चौकट तयार करण्यासाठी त्यांचा बॉट येतो. हे बॉट बहुधा आपले नाव सांगतात (उदाहरणार्थ `facebookexternalhit` किंवा `TelegramBot`), त्यामुळे चांगल्या सेवा त्यांना वगळू शकतात. मेल तपासणारे बॉट मात्र अनेकदा साध्या क्रोम ब्राउझरसारखी ओळख देतात, कारण ओळख पटली तर फसवे पान त्यांना निरुपद्रवी रूप दाखवील. म्हणून केवळ ‘बॉट वगळा’ या पर्यायावर मी विसंबत नाही. वेळ आणि ठिकाण पाहतो.

मी नाशिकमधल्या एका व्याख्यानाचे निमंत्रण १८० जणांना पाठवले होते. संध्याकाळपर्यंत २६३ क्लिक झाले. तासांऐवजी मिनिटांनी नोंदी पाहिल्या तेव्हा १२६ क्लिक पहिल्या दोन मिनिटांतले निघाले, आणि त्यांपैकी ११८ आयर्लंड व अमेरिकेतून आलेले होते, जिथे माझा एकही वाचक नव्हता, पण मोठी डेटा सेंटर आहेत. ते वजा केल्यावर १४५ उरले. नाव सांगणारे ३१ बॉट काढल्यावर ११४. नोंदणीच्या पानावरच्या जावास्क्रिप्ट मोजणीत मात्र ८८ भेटी होत्या. उरलेल्या २६ मध्ये काही छुपे बॉट असतील, काही जणांनी पान उघडण्याआधीच ते बंद केले असेल, तर काहींच्या ब्राउझरने मोजणीच अडवली असेल. त्यांची नेमकी विभागणी करता येत नाही.

तुमच्याही नोंदींत पाठवल्यानंतरची पहिली दोनतीन मिनिटे वेगळी काढा आणि उरलेला आकडा पानावरच्या मोजणीशी ताडून पाहा. मात्र काही बॉट जावास्क्रिप्टही चालवतात, तेव्हा तीही मोजणी निर्मळ असेलच असे नाही. पुढच्या वेळी मेल, व्हॉट्सॲप आणि छापील पत्रकासाठी वेगवेगळ्या शॉर्ट लिंक करा. छापील पत्रकावरच्या क्यूआर कोडची लिंक इतरत्र कुठेही दिली नाही, तर तिच्यावर असे बॉट फार कमी येतात.