लिफ्ट बंद, एएमसी चालू, आणि कंपनी म्हणते ड्राइव्ह कव्हर होत नाही

"वकील साहेब, आमची ठाण्यात ७ मजली सोसायटी, एकच लिफ्ट. कॉम्प्रिहेन्सिव्ह एएमसी आहे, ९६,००० अधिक जीएसटी, वर्षाचे सगळे पैसे एप्रिलमध्येच दिले. जुलैच्या पावसात पिटमध्ये पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद. माणूस ३ तासात येऊन ड्राइव्ह गेलाय म्हणून सांगून गेला. आता कंपनी म्हणते पाणी आणि व्होल्टेज एक्सक्लूजनमध्ये आहे, १,३५,००० अधिक जीएसटी वेगळे द्या. १९ दिवस झाले, सहाव्या मजल्यावर डायलिसिसचे पेशंट आहेत. पैसे भरायचे की दुसरा मेकॅनिक आणायचा?" (सेक्रेटरी, ठाणे)

सेक्रेटरी साहेब, आधी मला एक सांगा, तुमची मशीन रूम कुठे आहे? ७ मजली जुन्या पद्धतीच्या इमारतीत ती बहुतेक गच्चीवर असते आणि ड्राइव्ह, म्हणजे लिफ्टच्या मोटरचा वेग सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, तिथेच कंट्रोल पॅनेलमध्ये बसवलेला असतो. मशीन रूम नसलेली लिफ्ट असेल तर पॅनेल सहसा सगळ्यात वरच्या मजल्याच्या दाराशी असतं. म्हणजे पाणी तळात आणि जळलेला पार्ट सात मजले वर. पिटमधल्या पाण्याने पिट स्विच, खालची वायरिंग, गव्हर्नरची तळातली पुली खराब झाली असं कोणी म्हटलं तर पटतं, पण ड्राइव्ह त्याच पाण्यामुळे गेला म्हणायचं असेल तर कंपनीने मधला दुवा दाखवला पाहिजे. मात्र गच्चीवरच्या मशीन रूमचा स्लॅब गळत असेल आणि पॅनेलवर थेंब पडत असतील तर तुमची बाजू खरंच कच्ची आहे, ती डागडुजी सोसायटीचीच असते, तेव्हा आजच वर जाऊन बघून या आणि फोटो काढा.

व्होल्टेजचं पण तसंच. एक्सक्लूजनचा आधार जो घेतो त्यानेच ते कारण सिद्ध करायचं असतं, आणि कंपनीनेच छापलेल्या करारात शब्द संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ कंपनीच्या विरुद्ध लावला जातो. "फ्लक्चुएशनमुळे गेला असावा" एवढं पुरत नाही. ड्राइव्हमध्ये स्वतःची फॉल्ट हिस्टरी असते, ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, अर्थ फॉल्ट असं काय झालं ते तो साठवून ठेवतो, आणि डिस्प्ले चालू होत असेल तर टेक्निशियन ते तुमच्यासमोर दाखवू शकतो. ते स्क्रीन मोबाईलवर शूट करा. सर्व्हिस रिपोर्टवर कारण आणि त्या दिवशी मोजलेलं व्होल्टेज लिहून सही घ्या. कारणाचा रकाना रिकामा ठेवून सही मागतात, तिथे सही करू नका. पहिल्या दिवसाच्या रिपोर्टची कॉपी तुमच्याकडे असेलच, त्यावर पाणी किंवा व्होल्टेजचा शब्दच नसेल आणि तो फक्त कोटेशनमध्ये उगवला असेल तर तो तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

आता पैशाचं. माझा सल्ला, भरा, पण निषेध नोंदवून. ड्राइव्हचं कोटेशन जीएसटी धरून १,५९,३०० होतं, रक्कम मोठी आहे हे मान्य, पण कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम ७३ नुकसानभरपाई ठरवताना हेही बघतं की तुमच्या हातात नुकसान कमी करण्याचा उपाय होता का, त्यामुळे लिफ्ट तीन महिने बंद ठेवून भांडत बसलात तर उद्या ग्राहक आयोगच विचारेल की मधल्या काळात काय केलंत, आणि डायलिसिसचा माणूस तर वाट बघू शकत नाही. पेमेंटच्या आधी ईमेल आणि स्पीड पोस्टाने पत्र टाका: हा पार्ट एएमसीत कव्हर आहे असं आमचं म्हणणं आहे, ही रक्कम केवळ रहिवाशांच्या गरजेपोटी आणि परतफेडीचा हक्क राखून देत आहोत. पत्राआधी कमिटीचा ठराव करून घ्या, नाहीतर पुढे सहीचा अधिकार कोणाचा यावरच वाद होतो. आणि जुना ड्राइव्ह ताब्यात घ्या, नव्याचे पैसे तुम्ही देताय तर जुना त्यांनी गाडीत टाकून न्यायचं कारण नाही, तो गेला की तपासायला काहीच उरत नाही.

दुसरा मेकॅनिक? नाक्यावरचा बिलकुल नको. महाराष्ट्रात लिफ्टला २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, काम परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्यायचं, उद्या अपघात झाला तर लिफ्टचा मालक म्हणून सोसायटीच पुढे उभी राहते. पण परवाना असलेल्या दुसऱ्या एजन्सीकडून फक्त तपासणी करून लेखी मत घ्यायला हरकत नाही, आणि ते कंपनीचा माणूस समोर असताना घ्या म्हणजे "आमच्या पॅनेलला हात लावला" ही ओरड उरत नाही. अहवालात ड्राइव्हचा कुठला भाग जळाला आणि ओलाव्याची खूण आहे का एवढं आलं तरी बस्स.

मग ग्राहक आयोग. सहकारी सोसायटी ही २०१९ च्या कायद्यात 'व्यक्ती' म्हणून धरलेली आहे, म्हणजे सोसायटीच्या नावाने तक्रार चालते. अधिकारक्षेत्र तुम्ही मोजलेल्या मोबदल्यावर ठरतं, तुमची रक्कम जिल्हा आयोगातच बसते आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षं. करारात आर्बिट्रेशनचं कलम असलं तरी तक्रार अडत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय.

१९ दिवसांबद्दल मात्र थोडं कटू बोलतो. तुमच्या करारात बहुधा "रिस्पॉन्स टाइम ४ तास" एवढंच असणार, आणि कंपनी ३ तासात आली, म्हणजे तिने ते कलम पाळलं! माणूस येऊन बघून गेला की रिस्पॉन्स संपला, लिफ्ट चालू कधी होणार हे कुठे लिहिलेलंच नसतं. सेवेत त्रुटी म्हणून भरपाई मागता येईल, पण नुसता एएमसीचा हिशोब लावला तर १९ दिवसांचे ९६,००० च्या प्रमाणात साधारण ५,००० होतात, ते देऊन कंपनी मोकळी. म्हणून रिन्यूअलला दोन वेळा वेगळ्या लिहून घ्या, माणूस येण्याची आणि लिफ्ट चालू करून देण्याची, आत कोणी अडकलं तर तिसरी आणि सगळ्यात कमी. समजा चालू करायला ४८ तास आणि त्यानंतर रोज ५०० रुपये, कमाल वार्षिक रकमेच्या १० टक्के. आज हे कलम असतं तर १७ दिवसांचे ८,५०० झाले असते. रक्कम वाजवी ठेवा कारण कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पार्ट परदेशातून यायचा असेल तर जास्त दिवस द्या हरकत नाही, पण ते लेखी कळवलं तरच.

एक्सक्लूजनमध्ये "पाणी" असा मोघम शब्द न ठेवता "सोसायटीच्या गळतीमुळे पॅनेलवर प्रत्यक्ष पाणी पडल्याचं संयुक्त तपासणीत आढळल्यास" असं लिहा. "इलेक्ट्रॉनिक पार्ट वगळून" असं कुठे बारीक अक्षरात आहे का तेही बघा, कॉम्प्रिहेन्सिव्हच्या नावाखाली ड्राइव्ह, कार्ड आणि वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणाऱ्या एआरडीची बॅटरी वगळली की महागडं सगळं तुमच्याच गळ्यात आणि कंपनीकडे उरतं ते तेल-पाणी. आणि पैसे तिमाही करा, तिमाही संपल्यावर, २४,००० अधिक १८ टक्के म्हणजे २८,३२०. कंपनी अ‍ॅडव्हान्सवर सूट देते म्हणून सगळे भुलतात, पण एप्रिलमध्ये पूर्ण पैसे गेले की जुलैत अडवून ठेवायला तुमच्या हातात काहीच राहत नाही.

कराराची शेवटची दोन पानं आणि पहिला सर्व्हिस रिपोर्ट पाठवा, ते बघून कंपनीला द्यायच्या नोटिशीचं सांगतो. ऑटो-रिन्यूअलचं कलम असेल तर त्याची नोटीसची तारीख आधी शोधा, ती चुकली तर हाच करार पुढच्या वर्षीही लागू राहील.