प्रोटोकॉल नोंदवल्यावर आउटकम बदलला तर?

प्रश्न: आमच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची प्रॉस्पेरो या ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी झाली आहे, पण प्रायमरी आउटकम बदलावा लागतोय. नोंद गुपचूप दुरुस्त केली तर चालेल का?

गुपचूप होतच नाही. दुरुस्ती केली की नवी आवृत्ती तयार होते आणि जुनी तारखेसकट सगळ्यांना दिसत राहते.

नागपुरात आमच्या सिकलसेल रिव्ह्यूत हेच झालं. हायड्रॉक्सीयुरियासाठी प्रायमरी आउटकम 'वर्षभरात किती वेळा भरती' असा नोंदवला होता. पूर्ण पेपर वाचले तर बहुतेकांत भरती नव्हे, वेदनेचे झटके मोजलेले. आम्ही आधी नोंद सुधारली, मग आकडे काढायला घेतले. हा क्रम फार महत्त्वाचा, कारण निकाल पाहून आउटकम बदलला की आपल्याला हवा तो निवडल्याची शंका येते, आणि ती रास्तच असते.

रिव्ह्यू कसा मांडावा हे सांगणाऱ्या प्रिझ्मा २०२० यादीचा मुद्दा २४ क हेच मागतो: नोंदणीनंतर काय बदललं आणि का, ते लिहा. मेथड्समध्ये आम्ही लिहिलं: "प्रायमरी आउटकम भरतीऐवजी वेदनेचे झटके केला, कारण भरतीची नोंद मोजक्याच अभ्यासांत होती, निर्णय डेटा काढण्याआधीचा." भरतीचे जेवढे आकडे मिळाले तेही दिलेच, ते वगळू नका. तुम्ही निकाल आधीच पाहिले असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि मूळ आउटकमच प्रायमरी ठेवा.