‘एकतर I किंवा II’ हा पर्याय नेमका कधी निवडायचा?

प्रश्न: बँकेच्या परीक्षेत चिन्हांच्या असमानतेचे प्रश्न सोडवताना साखळी बरोबर जुळते, पण ‘एकतर I किंवा II’ आणि ‘I व II दोन्हीही नाहीत’ या दोन पर्यायांत माझा नेहमी गोंधळ होतो. कोणता निष्कर्ष खात्रीने निघतो हे कसे ठरवावे?

उत्तर: साखळी जुळली की आपण बहुधा ‘हा निष्कर्ष खरा वाटतो का’ असे पाहू लागतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्याऐवजी ज्या दोन अक्षरांबद्दल निष्कर्ष दिला आहे, त्यांच्यात मोठा, समान आणि लहान या तीन शक्यतांपैकी विधानांनी कोणत्या शिल्लक ठेवल्या आहेत, एवढेच आधी ठरवावे. निष्कर्ष त्यानंतर वाचावेत. ‘एकतर–किंवा’चे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात, त्यामुळे ते वेगवेगळे पाठ करण्याची गरज राहत नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा चिन्हांचे अर्थ असे दिले आहेत: ‘P @ Q’ म्हणजे P हा Q पेक्षा लहान नाही, ‘P # Q’ म्हणजे P हा Q पेक्षा मोठाही नाही आणि लहानही नाही, ‘P % Q’ म्हणजे P हा Q पेक्षा मोठा नाही, ‘P $ Q’ म्हणजे P हा Q पेक्षा लहानही नाही आणि समानही नाही. अर्थ मुद्दाम नकारार्थी भाषेत दिलेले असतात, आणि घाईत ‘लहान नाही’ याचे ‘मोठा आहे’ असे वाचन होते. ‘लहान नाही’ यात ‘समान’ ही शक्यता शिल्लक असते, म्हणून @ म्हणजे ≥. त्याच रीतीने # म्हणजे =, % म्हणजे ≤ आणि $ म्हणजे >. हे चार अर्थ कच्च्या कागदावर एकदाच लिहून घ्यावेत आणि निष्कर्षांतील चिन्हेही त्यावरूनच उलगडावीत.

विधाने अशी आहेत: M @ K, K # T, R % T, R $ D, V $ R. तिसऱ्या विधानात R हा T पेक्षा मोठा नाही, म्हणजे T च्या बाजूने वाचल्यास T ≥ R. पहिली चार विधाने जोडल्यावर मिळणारी साखळी आणि तिच्यात न बसणारे पाचवे विधान असे:

```
M ≥ K = T ≥ R > D
V > R
```

M आणि D यांच्यामधील वाटेवर सगळी चिन्हे एकाच दिशेची आहेत आणि त्यांत एक निखळ > आहे, म्हणून M > D हे खात्रीने निघते. इथे कोणाची फारशी चूक होत नाही.

खरा प्रश्न M आणि R यांचा आहे. त्यांच्या वाटेवर ≥, = आणि ≥ एवढीच चिन्हे आहेत, निखळ > एकही नाही. म्हणजे ‘M लहान’ ही शक्यता बाद झाली, पण ‘मोठा’ आणि ‘समान’ या दोन्ही उरल्या. आता निष्कर्ष I हा M > R आणि निष्कर्ष II हा M = R असा असेल, तर प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी करावी. M, K, T, R या सर्वांना 5 आणि D ला 4 ही किंमत द्या (V ला 6 दिली की पाचवे विधानही पाळले जाते). सगळी विधाने खरी राहतात आणि I खोटा ठरतो. आता फक्त M बदलून 6 करा. विधाने अजूनही खरीच आहेत, पण II खोटा ठरतो. दोघांपैकी एकही एकटा खात्रीचा नाही. तरीही विधाने पाळणाऱ्या कोणत्याही किमती घेतल्या, तरी उरलेल्या दोन शक्यतांपैकी एक खरी असणारच, आणि त्या दोन्ही या निष्कर्षांनी व्यापल्या आहेत. म्हणून उत्तर ‘एकतर I किंवा II’.

आता V आणि M घ्या. दोघेही R च्या एका बाजूला आहेत. V हा R पेक्षा मोठा आहे, M हा R पेक्षा लहान नाही, पण V आणि M यांना जोडणारी एकाच दिशेची वाट नाही. R ला 5 आणि V ला 6 धरून M ला अनुक्रमे 5, 6 आणि 9 देऊन पाहा (K आणि T 5 च राहू द्या): V कधी मोठा, कधी समान, तर कधी लहान निघतो. तिन्ही शक्यता उरल्या. अनेक जण इथे ‘संबंधच नाही’ म्हणून थेट ‘दोन्हीही नाहीत’ निवडतात, आणि माझ्या मते या प्रकारातील सर्वांत जास्त गुण याच ठिकाणी जातात. निष्कर्ष V > M आणि V ≤ M असे असतील, तर पहिला ‘मोठा’ ही शक्यता व्यापतो आणि दुसरा ‘समान’ व ‘लहान’ या दोन्ही. बाहेर काहीच उरत नाही, म्हणून उत्तर ‘एकतर–किंवा’च आहे. मात्र निष्कर्ष V > M आणि V < M असे असतील, तर ‘समान’ ही शक्यता दोघांच्याही बाहेर राहते आणि उत्तर ‘दोन्हीही नाहीत’ होते. V > M आणि V = M या जोडीचेही तेच होते, कारण इथे ‘लहान’ बाहेर राहतो; ही जोडी M आणि R साठी चालली होती, कारण तिथे ‘लहान’ विधानांनीच बाद केला होता. चिन्हांची जोडी तीच असूनही उत्तर बदलते, आणि म्हणूनच नुसत्या जोड्या पाठ करणे पुरेसे पडत नाही.

V ≥ M आणि V ≤ M अशी जोडी आली तर ‘समान’ दोन्हींत येतो. तरीही एकही शक्यता बाहेर राहत नाही आणि किमान एक निष्कर्ष नेहमी खरा ठरतो, म्हणून मी तिथेही ‘एकतर–किंवा’ हाच पर्याय धरतो.

उलट बाजूही लक्षात ठेवावी: दोन निष्कर्षांपैकी एक जरी एकटा खात्रीने निघत असला, तर ‘एकतर–किंवा’चा विचारच करायचा नसतो. M ≥ R आणि M = R असे निष्कर्ष दिले असतील, तर पहिला साखळीतून थेट मिळतो, त्यामुळे उत्तर ‘केवळ I’ एवढेच. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जात असल्याने आधी दोन्ही निष्कर्ष एकेकटे तपासावेत आणि दोन्ही टिकले नाहीत, तरच जोडी म्हणून पाहावे.

दोन निष्कर्षांत अक्षरेच वेगळी असतील, तेव्हा मात्र शक्यता मोजून भागत नाही. किमती घालूनच पाहावे लागते. वरच्याच साखळीवर I म्हणून T > R आणि II म्हणून M = R दिले, तर > आणि = पाहून हात ‘एकतर–किंवा’कडे जातो. पण M ला 6 आणि K, T, R या तिघांना 5 दिले की T आणि R समान निघतात, M हा R पेक्षा मोठा राहतो आणि दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खोटे ठरतात.