स्कॉट जोडणीत आधी टॅप तपासा

स्कॉट जोडणीत दोन ट्रान्सफॉर्मर वापरून तीन फेजमधून ९० अंशांच्या फरकाचे दोन फेज काढतात. दोन्ही ट्रान्सफॉर्मर ४१५/१०० व्होल्टचे धरू. मुख्य ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी Y आणि B फेजमध्ये जोडा. दुसऱ्याचं, म्हणजे टीझरचं, एक टोक मुख्यच्या मधल्या ५० टक्के टॅपला आणि ८६.६ टक्के टॅप R फेजला द्या. R पासून त्या मध्यबिंदूपर्यंत ३५९ व्होल्टच मिळतात, म्हणून वेटोळेही तेवढेच कमी.

लोड लावण्याआधी दोन्ही सेकंडरी मोजा. दोन्हीकडे १०० व्होल्ट हवेत. पण एवढ्यावर थांबू नका, कारण यातून कोन कळत नाही. सेकंडरी एकमेकींना सिरीजमध्ये जोडून बाहेरची टोकं मोजा: १४१ आले तर ९० अंश बरोबर. टीझरवर ८७ दिसले, तर R पूर्ण वाइंडिंगला गेलाय. ११५ दिसले आणि टीझर जोरात गुणगुणतोय, तर त्याचं टोक मध्याऐवजी मुख्यच्या टोकाला लागलंय. लगेच बंद करा, कोअर सॅच्युरेट होतोय.

एक गोष्ट मीटर दाखवणार नाही: मुख्य प्रायमरीचे दोन अर्धे एकमेकांत मिसळून गुंडाळलेले हवेत. नाहीतर टीझरचा करंट त्यांतून विरुद्ध दिशांनी जाताना लीकेज रिअ‍ॅक्टन्स वाढतो आणि लोडवर टीझरचं व्होल्टेज पडतं.